हिरवा ठिपका आहे ना, मग चालतंय की! दिवाळीच्या हॅम्परमध्ये काय काय लपलेलं असतं

गेल्या दिवाळीत ऑफिसकडून एक मोठ्ठा हॅम्पर आला, वेताची टोपली, वर सोनेरी जाळी, आत बारा-तेरा वस्तू. घरी आम्ही दोघंच, एवढं खाणार कोण, म्हणून तो न उघडता भावाबरोबर फलटणला आत्याकडे पाठवून दिला. आत्या आणि आतोबा दोघंही माळकरी, गळ्यात तुळशीची माळ, आषाढीला वारी, घरात अंड्याचं टरफलसुद्धा कधी आलेलं नाही. मला वाटलं सुकामेवा-चॉकलेटंच तर आहेत, त्यात काय.

दुसऱ्या दिवशी आत्याचा फोन. "अगं, डबा छान आहे गं, पण त्या चॉकलेटवर रम लिहिलंय. आतोबांनी एक तोंडात टाकलं आणि मग वाचलं. आता ते काही बोलत नाहीयेत, पण सकाळपासून जेवले नाहीत." आवाजात राग अजिबात नव्हता आणि म्हणूनच मला जास्त लागलं. चाळीस वर्षं पाळलेली गोष्ट माझ्या एका टोपलीने मोडली.

भाऊबीजेला तिकडे गेले तेव्हा मी आणि आत्या चष्मे लावून ओट्यावर सगळी पाकिटं मांडून बसलो आणि एकेक मागून वाचलं. तेव्हापासून हा विषय डोक्यात आहे. दिवाळी जवळ आली की सगळेच हॅम्पर पाठवतात, आणि घेणारा पाळणारा असेल तर "व्हेज आहे ना" एवढंच बघतात, तर ते एवढंच का पुरत नाही ते सांगते.

हिरवा ठिपका नेमकं काय सांगतो

आपल्याकडे पाकीटबंद खाण्यावर हिरव्या चौकटीत हिरवा ठिपका म्हणजे शाकाहारी. मांसाहारी असेल तर तपकिरी चौकटीत तपकिरी त्रिकोण. आधी तिथेही गोलच असायचा, पण ज्यांना रंग नीट ओळखता येत नाहीत त्यांना दोन्ही सारखेच दिसायचे, म्हणून नव्या नियमात त्रिकोण आला. हे चिन्ह पाकिटाच्या पुढच्या बाजूला नावाजवळ असतं.

आता मुद्दा असा, की हा ठिपका एका कायदेशीर व्याख्येवर चालतो. त्या व्याख्येनुसार प्राणी, पक्षी, मासे, अंडी, किंवा प्राण्यांपासून काढलेलं काहीही असेल तर ते मांसाहारी. पण त्यातून काही गोष्टी वगळल्यात: दूध आणि दुधाचे पदार्थ, मध, मधमाशीचं मेण, आणि लाख. लाख म्हणजे तीच, लाखेच्या बांगड्यांची, एका किड्याच्या स्रावापासून बनते. खाण्याच्या पदार्थात तिला शेलॅक म्हणतात, चॉकलेट लावलेल्या बदामावर किंवा जेलीच्या गोळ्यांवर जी काचेसारखी चमक असते ती बऱ्याचदा तिची. पाकिटावर ९०४ नंबर. म्हणजे हिरवा ठिपका असूनही आत मध आणि लाख असू शकते, आणि त्यात कंपनीने काहीही लपवलेलं नाही, नियमच तसा आहे. माळकरी माणसाला मध चालतो, पंचामृतात असतोच. पण कट्टर जैन घरात मध वर्ज्य असतो. एकच ठिपका, एका घरात पुरेसा आणि दुसऱ्या घरात अपुरा.

आणि दुसरी गोष्ट, जी मला स्वतःलाच माहीत नव्हती: या ठिपक्याचा दारूशी काही संबंध नाही. दारू धान्यापासून, उसापासून, द्राक्षापासून होते, म्हणजे व्याख्येप्रमाणे ती शाकाहारीच. रम घातलेल्या चॉकलेटवर हिरवा ठिपका असणं अगदी नियमाला धरून आहे. आत्याच्या त्या डब्यावरही होता. एस.टी.च्या पासवर ताडोबाला प्रवेश मागितल्यासारखं आहे हे, पास खरा आहे पण तो दुसऱ्याच गोष्टीचा आहे.

मग नंबरांची भीती कशाला

लोक व्हॉट्सॅपवर नंबरांच्या लिस्टा फिरवतात, ६३१ म्हणजे डुकराची चरबी वगैरे. हे जरा नीट समजून घ्यायला हवं. ६३१ हा चव वाढवणारा पदार्थ, चिप्स आणि नूडल्सच्या मसाल्यात असतो. तो मासे-मांसापासून काढता येतो आणि स्टार्च-साखर आंबवूनही बनवता येतो. नंबर दोन्हीला एकच. ४७१ चंही तेच, हा तेल आणि पाणी एकजीव ठेवणारा पदार्थ, वनस्पती तेलापासूनही होतो आणि प्राण्यांच्या चरबीपासूनही. त्यामुळे नुसता नंबर बघून काहीच कळत नाही, आणि इथेच हिरवा ठिपका खरोखर कामाचा आहे, कारण भारतात त्या पाकिटावर ठिपका असेल तर आतला ६३१ प्राण्यांपासूनचा असून चालत नाही. दिल्ली हायकोर्टाने डिसेंबर २०२१ मध्ये याच मुद्द्यावर सांगितलं होतं की नुसता कोड छापून भागणार नाही, घटक कशापासून बनलाय तेही लिहा, आणि अगदी कणभर असला तरी पदार्थ मांसाहारीच धरायचा.

ज्यांच्या बाबतीत नंबर किंवा नाव बघूनच थांबावं असे फार थोडे आहेत. १२० म्हणजे कार्माईन, हा लाल-गुलाबी रंग, निवडुंगावर वाढणाऱ्या कोचिनियल नावाच्या किड्यांना वाळवून त्यांच्यापासून काढतात. आणि जिलेटिन, जनावराची कातडी आणि हाडं शिजवून काढलेलं. मार्शमेलो आणि रबरासारख्या चघळायच्या गोळ्या यांचा सगळा लवचिकपणा बऱ्याचदा त्याचाच असतो. आपल्या चायना ग्रासवर किंवा पेक्टिनवरसुद्धा अशा गोळ्या होतात आणि भारतात तशा मिळतातही, पण मग ठिपका दिसलाच पाहिजे. एक गैरसमज फार बघितलाय, "हलाल लिहिलंय म्हणजे डुकराचं नाही, म्हणजे चालेल." हलाल जिलेटिन गाई-म्हशीचं असू शकतं. शाकाहारी माणसासाठी त्या शिक्क्याचा काही उपयोग नाही.

"दुकानातून घेतलंय, मग प्रॉब्लेम कुठे येतो?"

प्रॉब्लेम तिथे येतो जिथे ठिपकाच नसतो. आत्याच्या टोपलीत तीन गोष्टी अशा होत्या.

पहिली, काचेची छोटी बरणी, आत गुलाबी-पांढरे मार्शमेलो, झाकणाला लेसची रिबन, आणि लेबल शून्य. हॅम्पर करणारे मोठी पाकिटं आणतात, फोडतात आणि सुंदर बरण्यांत भरतात. माल शाकाहारी असेलही, पण ते सांगणारं पाकीट त्यांच्या गोडाऊनच्या कचऱ्यात गेलं. तेव्हापासून मी हॅम्परवाल्याला ऑर्डर द्यायच्या आधी एकच मागते, प्रत्येक वस्तूच्या मूळ पाकिटाच्या पुढचा आणि मागचा फोटो. बहुतेक जण देतात. जो देत नाही त्याच्याकडून बरणीतलं काही घेत नाही.

दुसरी, परदेशी पास्ता किट, त्यासोबत किसलेल्या चीजची पुडी, नाव पार्मिजानो रेजानो. चीज म्हणजे दूधच की, असं वाटतं. पण दूध फाडायला आपण पनीरला जसं लिंबू घालतो तसं चीजला रेनेट घालतात, आणि पारंपरिक रेनेट वासराच्या पोटाच्या अस्तरातून काढतात. आज भरपूर चीज सूक्ष्मजीवांपासून काढलेल्या रेनेटवर होतं, ते शाकाहारी. पण पार्मिजानो रेजानो या नावाने जे इटलीत बनतं त्यात वासराचंच रेनेट वापरायचं असा त्यांचा नियमच आहे, ग्राना पदानोलाही प्राण्यांचंच लागतं. म्हणजे या दोन नावांच्या बाबतीत शंकेला जागाच नाही. बेसिलच्या पेस्तो सॉसमध्ये बऱ्याचदा हेच चीज असतं, म्हणून हिरवीगार चटणी दिसते आणि तरी ती शाकाहारी असेलच असं नाही. बाटलीबंद वूस्टरशायर सॉसमध्ये बऱ्याचदा अँकोव्ही नावाचे छोटे मासे असतात, आणि थाई करी पेस्टमध्ये बऱ्याचदा वाळवलेली कोळंबी. लंडन-दुबईहून येणाऱ्या भावा-बहिणींच्या सुटकेसमधून जे येतं त्यावर आपला ठिपका नसतो, तिथे घटकांची यादी वाचण्याला पर्याय नाही. इंग्लंडच्या मालावर "शाकाहारींसाठी योग्य" असं इंग्लिशमध्ये छापलेलं बऱ्याचदा सापडतं, ते शोधावं.

तिसरी वस्तू होती घरगुती बेकरचा प्लम केक. ब्राउन पेपरचा डबा, वर हाताने लिहिलेलं "एगलेस". त्याच्याबद्दल जरा सावकाश बोलू.

दारू कुठे कुठे असते

"एगलेस" म्हणजे अंडं नाही, एवढंच. प्लम केकमधला सुकामेवा आठवडे, कधी महिने रममध्ये भिजवतात, आणि केक झाल्यावर मुरावा म्हणून वरून पुन्हा रम किंवा ब्रँडी ब्रशने लावतात. गोव्यात, वसईत नाताळाच्या केकला हे अगदी घरोघरी चालतं, आणि तिथे ते बरोबरच आहे, त्या केकची तीच चव आहे. फक्त तो एगलेस करून माळकऱ्याला दिला की घोळ होतो.

यावर हमखास येणारं उत्तर, "अगं भाजताना उडून जाते की सगळी." नाही उडत, निदान सगळी नाही. अमेरिकेच्या कृषी खात्याचे आकडे यावर प्रसिद्ध आहेत: पिठात कालवलेलं मद्य पंधरा मिनिटं भाजलं तर साधारण ४० टक्के शिल्लक राहतं, एक तास भाजलं तर २५ टक्के, आणि अडीच तास शिजवलं तरी ५ टक्के. आणि भाजल्यानंतर ब्रशने लावलेल्याला तर आचच लागलेली नसते. आता एका तुकड्यात ते फार थोडं असतं, नशा वगैरे चढणार नाही हे खरं. पण नशा चढण्याचा इथे प्रश्नच नाहीये. ज्याने माळ घालताना शब्द दिलाय त्याच्यासाठी चमचाही तेवढाच आणि थेंबही तेवढाच, आणि ज्याने खूप त्रास काढून दारू सोडलीय त्याच्यासाठी तर नुसती ती चव जिभेवर येणं हेच धोक्याचं असू शकतं. ते किती चालतं हे आपण ठरवायचं नसतं.

चॉकलेटच्या मागे बघायचे शब्द थोडेच आहेत: रम, ब्रँडी, कोन्याक, किर्श, लिक्योर, शॅम्पेन, आणि सरळ एथिल अल्कोहोल. तिरामिसू नावाच्या डेझर्टमध्ये बऱ्याचदा मर्साला नावाची वाईन किंवा रम असते, शिवाय मूळ रेसिपीत अंडं. अमेरिकेहून आणलेल्या शुद्ध व्हॅनिला एक्स्ट्रॅक्टमध्ये कमीत कमी ३५ टक्के अल्कोहोल असतं, तिथला नियमच आहे तो, त्यामुळे केक करणाऱ्या पण पाळणाऱ्या मावशीला ती महागडी बाटली देण्यापेक्षा व्हॅनिलाच्या शेंगा द्या. आणि ० टक्केवाल्या बियरबद्दल: आपल्याकडे ०.५ टक्क्याच्या वर अल्कोहोल असेल तरच ते अल्कोहोलिक पेय धरतात, त्यामुळे "नॉन-अल्कोहोलिक" लिहिलेल्या बाटलीत त्याच्या खालचं थोडंसं असू शकतं.

उलट बाजूही सांगायला हवी, नाहीतर लोक उगाच घाबरतात. शुगर-फ्री चॉकलेटवर "शुगर अल्कोहोल" लिहिलेलं असतं, माल्टिटोल, सॉर्बिटोल वगैरे, त्याचा दारूशी संबंध नाही, साखरेसारखे गोड पदार्थ आहेत ते, फक्त रसायनशास्त्रातलं घराणं एक. आणि भारतातल्या रम-रेझिन आइस्क्रीम-चॉकलेटांत बऱ्याचदा नुसता फ्लेवर असतो, रमचा थेंबही नाही. मग ते द्यावं का? मी देणार नाही. कारण आत्याच्या घरी कीर्तनकार मंडळी येतात, त्यांच्यापुढे "रम" लिहिलेला डबा ठेवायचा आणि प्रत्येकाला यात खरी नाही हो, नुसता वास आहे, असं सांगत बसायचं, ही अडचण आपण भेट म्हणून का पाठवायची?

दिवाळी चातुर्मासातच येते

हे हॅम्परवाल्यांच्या लक्षातच येत नाही. आषाढी एकादशीला सुरू झालेला चातुर्मास कार्तिकी एकादशीला संपतो, आणि दिवाळी तिच्या आधी येते. आषाढात कांदेनवमीला पोटभर भजी खाऊन ज्यांनी कांदा-लसूण बंद केला त्यांचा तो दिवाळीतही बंदच असतो. आणि टोपलीत काय येतं? पेरी-पेरी काजू, बार्बेक्यू मखाणा, चीज-गार्लिक खाकरा. सगळ्यांवर हिरवा ठिपका, आणि सगळ्यांच्या मसाल्यात कांदा पावडर, लसूण पावडर. आत्याने ते काजू हातात घेतले, वास घेतला आणि बाजूला ठेवले, वाचायचीही गरज पडली नाही.

जैन घरात तर हे बारा महिने, आणि बटाटा, गाजर, बीट, ओलं आलं हेही नाही, त्यामुळे बीटरूट चिप्सचं ते रंगीत हेल्दी पाकीट तिथे उपयोगाचं नाही. वाळवलेली हळद आणि सुंठ मात्र बहुतेक घरांत चालते. पाकिटावर "जैन" लिहिलेले प्रकार आता सहज मिळतात, तेच घ्यावेत. मिठाईवरच्या चांदीच्या वर्खाबद्दलही जैन मंडळी विचारतात, कारण जुन्या पद्धतीत चांदी जनावराच्या आतड्याच्या किंवा कातडीच्या थरांमध्ये ठेवून ठोकत. आता मशीनवरचा वर्ख मिळतो, पण सगळ्यात सोपं म्हणजे बिनवर्खाची काजूकतली घ्यायची.

खायचं नसलं तरी

हे थोडक्यात, कारण इथे घराघरात फरक आहे. आत्याच्या टोपलीत चामडी कव्हरची डायरी होती, आणि दोन छोटे काचेचे ग्लास, ते कशाचे हे आतोबांना कळलं नाही, भावाला कळलं आणि त्याने गुपचूप खिशात घातले. बोन चायनाचे कप हा आणखी एक प्रकार, नावातच हाड आहे, त्या मातीत जनावराच्या हाडांची राख असते, जुन्या इंग्लिश पद्धतीत तर जवळपास निम्मी. साधं पोर्सिलेन किंवा स्टोनवेअर घेतलं की प्रश्नच मिटतो. परदेशी साबणावर सोडियम टॅलोवेट लिहिलं असेल तर ती जनावराची चरबी. रेशमाचं मात्र गंमतशीर नाही, नाजूक आहे: बहुतेक रेशीम कोसले उकळूनच निघतं, तरीही आपल्याकडे सोवळ्याला पीतांबर रेशमीच लागतो, आणि अनेक जैन घरांत रेशीम नको असतं. इथे अंदाज करू नये.

"मग एवढं विचारायचं कसं, वाईट दिसतं ना?"

घेणाऱ्याला विचारलं तर तो भिडेपोटी "काही नको गं, सगळं चालतं" म्हणणार. म्हणून मी सुनेला किंवा मुलीला विचारते, जिच्या हातात स्वयंपाकघर आहे तिला. आणि "तुम्ही व्हेज ना?" असं नाही विचारत, त्याचं उत्तर हो येतं आणि आपल्याला काहीच कळत नाही. तीन सरळ प्रश्न: सध्या कांदा-लसूण चालू आहे का, मध चालतो का, आणि बाहेरचा केक घरात येतो का. तिसऱ्या उत्तरात अंडं, दारू आणि बेकरीबद्दलचं त्या घराचं सगळं धोरण कळतं.

यंदा आत्याची टोपली मी स्वतः भरलीय. वेंगुर्ल्याचे साधे खारे काजू आणि सांगलीचे बेदाणे, दोन्ही मूळ सीलबंद पाकिटांत. कोल्हापूरची गुळाची छोटी ढेप. मालवणहून मागवलेली आमसुलं. मुलांसाठी साध्या दुधाच्या चॉकलेटची एक मोठी वडी, जिच्या मागे पाच घटक आहेत आणि पाचही मला वाचता येतात. आतोबांसाठी सुती उपरणं आणि चंदनाचं खोड, त्यांचं जुनं झिजून बोटाएवढं झालंय. सोनेरी जाळी लावली नाही, पाकिटांची मागची बाजू वर करून ठेवलीय, म्हणजे उघडल्या उघडल्या वाचता येईल. काल भाऊ घेऊन गेला. संध्याकाळी आत्याने फोटो पाठवला, त्यात आतोबा चष्मा लावून चॉकलेटची वडी उलटी धरून वाचतायत, आणि वडीचा एक कोपरा तुटलेला आहे.